फाईल पाठव... पाठव ना... पाठवशील का?

ज्यांनी एकदा तरी ग्रुप प्रोजेक्ट केलाय, त्यांना हे वाक्य तोंडपाठ असेल. "फाईल पाठव." दोनच शब्द. कारण नाही, वेळ नाही, कुठली फाईल तेही नाही. समोरचा वाचतो, निळ्या टिका उमटतात आणि मग शांतता! मागणारा चिडतो, "साधी फाईल मागितली तर भाव खातोय." आणि ज्याच्याकडे मागितली तो तिकडे रूममेटला सांगत असतो, "मी काय याचा नोकर आहे का?" दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. सगळा घोळ 'पाठव' या तीन अक्षरांत आहे.

यावर आपण सहसा दोन उपाय करतो. पहिला म्हणजे 'प्लीज' चिकटवणे. "प्लीज फाईल पाठव." वाक्य थोडं धुतल्यासारखं दिसतं, पण मूळ आज्ञा तशीच राहते. मॉनिटर वर्गात ओरडायचा ना, "प्लीज गप्प बसा!", तेव्हा कुणाला ती विनंती वाटली होती? दुसरा उपाय म्हणजे लोणी लावणे. "हाय, कसा आहेस, बिझी आहेस का, अरे एक छोटंसं काम होतं, तुला त्रास नको म्हणून विचारत नव्हतो, पण जमलं तर..." एवढं वाचेपर्यंत समोरच्याला शंका येते की हा पैसे मागणार आहे. फाईल शेवटच्या ओळीत येते आणि तोवर त्याचं लक्ष उडालेलं असतं.

मला म्हणायचंय ते एवढंच, की मराठीत या दोन्हीच्या मधला एक चांगला रस्ता आहे आणि तो क्रियापदातून जातो. 'प्लीज' वाक्याला बाहेरून लावावं लागतं. मराठी क्रियापद स्वतःच वाकतं. ते थोडं वाकवायचं आणि काय हवंय, कधी हवंय, ते मात्र अगदी सरळ सांगायचं. मऊपणा क्रियापदात, नेमकेपणा बाकीच्या वाक्यात.

आधी वाकवण्याचं बघू. शाळेत आपण क्रियापदाचे चार अर्थ पाठ केले होते, स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. (मी इंग्रजी माध्यमातली, त्यामुळे मला ते जास्तच घोकावे लागले.) 'पाठव' हा आज्ञार्थ. 'पाठवा' हाही आज्ञार्थच, पण त्या एका काना-मात्रेत 'तुम्ही' आलं आणि आदर आला. म्हणून लॅबमधल्या काकांना "काका, तेवढी फाईल पाठवा" म्हटलं तर ते रागावत नाहीत. हेच वाक्य इंग्रजीत नेलं की "सेंड मी द फाईल" होतं आणि तो 'आ' वाटेतच गळून पडतो. इंग्रजी आज्ञार्थात तू आणि तुम्ही हा फरकच नाही. आपल्या मनात 'पाठवा' असतं, सरांच्या मेलबॉक्समध्ये 'पाठव' पोचतं. आपली मुलं मेलमध्ये उद्धट वाटतात त्याचं अर्धं कारण हेच असावं असं मला वाटतं. मुलं उद्धट नसतात, त्यांचा प्रत्यय हरवलेला असतो!

आज्ञार्थाच्या आतसुद्धा मराठीत आणखी एक सोय आहे, जी आपण दिवसभर वापरतो पण कधी लक्षात घेत नाही. ती म्हणजे मुख्य क्रियापदाला जोडलेलं छोटं क्रियापद. मेसचा फॉर्म घ्या. "फॉर्म भर" ही नुसती आज्ञा. "फॉर्म भरून दे" म्हटलं की काम माझं आहे, तू माझ्यासाठी करतोयस, हे मी मान्य केलं. "फॉर्म भरून घे" म्हटलं की फायदा तुझाच आहे, मी फक्त आठवण करतेय. "भरून ठेव" म्हणजे घाई नाही, पण वेळेआधी झालेलं बरं. आणि "भरून टाक" म्हणजे एकदाचं संपव बाबा. फॉर्म तोच, भरणारा तोच, पण दे, घे, ठेव, टाक यांनी उपकार कुणाचा आणि घाई किती ते ठरवलं. इंग्रजीत एवढं सांगायला अख्खं वाक्य जोडावं लागेल.

आता गंमत बघा. स्वतःचं काम असताना लोक नेमकं 'टाक' वापरतात. "अरे, ती फाईल पाठवून टाक ना." बोलणाऱ्याच्या मनात असतं की छोटंसं काम आहे, झटकन होईल. ऐकणाऱ्याला वाटतं की माझं काम हा झटकून टाकण्यासारखं समजतोय. जिथे काम आपलं आहे तिथे 'दे' किंवा 'द्या' हेच बरं. "तेवढी फाईल पाठवून दे" यात आज्ञार्थ आहे, तरी बोचत नाही, कारण घेणारी मी आहे हे त्यात कबूल केलंय.

यावरून एक गोष्ट लक्षात येते की आज्ञार्थ मुळात उद्धट नसतो. फायदा ऐकणाऱ्याचा असेल तर आज्ञाच प्रेमळ वाटते. "ये, बस, चहा घे, जेवून जा." इथे कुणी सभ्यपणा दाखवून "आपण जेवून जाल का?" विचारलं तर पाहुणा समजून जातो की घरात स्वयंपाक झालेला नाही. (पुण्याचे विनोद सगळे याच प्रश्नचिन्हावर चालतात, रेक्टर सरांनी माफ करावं.) आणि धोका असेल तेव्हाही आज्ञाच लागते. इलेक्ट्रिकल लॅबमध्ये वास यायला लागल्यावर "मेन स्विच बंद करता येईल का?" विचारत बसलात तर पुढचं प्रॅक्टिकल फायर एक्स्टिंग्विशरचं असेल. प्रश्न येतो तो फक्त फायदा माझा आणि कष्ट त्याचे, अशा वेळी. फाईल मागणं हे नेमकं तसं काम आहे.

अशा वेळी पुढची पायरी म्हणजे प्रश्न. "पाठवशील का?", "पाठवाल का?" भविष्यकाळ आणि 'का'. इथे समोरच्याला नाही म्हणायला जागा राहते, निदान दिसायला तरी राहते. इंग्रजीत हेच काम 'कॅन यू' आणि 'कुड यू' करतात. जॉन सर्ल या तत्त्वज्ञाने १९७५ साली यावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. "कॅन यू पास द सॉल्ट?" असं विचारल्यावर कुणी नुसतं "हो, देऊ शकतो" म्हणून बसून राहत नाही. प्रश्न क्षमतेचा दिसतो, पण सगळ्यांना तो विनंती म्हणूनच ऐकू येतो.

पण म्हणून ते जसंच्या तसं मराठीत आणू नये. "तू मला फाईल पाठवू शकशील का?" हे वाक्य इंग्रजी माध्यमवाल्यांना जवळचं वाटतं आणि ते चूक आहे असं मी म्हणणार नाही, आता सगळेच बोलतात. तरी 'शकणे' मराठीत अजून क्षमतेला चिकटून आहे. "तू पोहू शकतोस का?" सारखा त्याला परीक्षेचा वास येतो. मराठीत त्यापेक्षा "पाठवता येईल का?" हे जास्त सहज बसतं. यात तू किंवा तुम्ही आलाच नाही. समोरच्याची ताकद विचारली नाही, परिस्थिती विचारली. नाही म्हणायचं झालं तर तो परिस्थितीवर ढकलू शकतो, "आज नाही येणार गं, लॅपटॉप घरी राहिलाय." त्याचंही नाक वर, माझंही.

आणि याच्याही पुढचं, माझं सगळ्यात आवडतं, म्हणजे "फाईल मिळेल का?" दुकानात आपण काय म्हणतो? "एक फुलस्केप वही मिळेल का?" तिथे दुकानदाराला कुणी "वही दे" म्हणत नाही आणि "आपण वही देण्याची कृपा कराल का" असंही म्हणत नाही. 'देणे' हे त्याचं काम, 'मिळणे' हे माझ्या बाजूचं. क्रियापद बदललं की देणारा वाक्यातून अलगद बाजूला होतो आणि मागायची वस्तू पुढे येते. "फाईल संध्याकाळपर्यंत मिळेल का?" चार शब्द, वस्तू आहे, वेळ आहे, हुकूम नाही. यापेक्षा सरळ आणि यापेक्षा कमी बोचणारं वाक्य मला तरी सापडलेलं नाही.

त्याची मर्यादाही सांगते. देणारा वाक्यातून गेला की ग्रुपवर तो खरोखरच जातो! पाच जणांच्या ग्रुपमध्ये "फाईल मिळेल का?" टाकलं की पाचही जण वाचतात आणि प्रत्येकाला वाटतं की दुसरा देईल. म्हणून 'मिळेल का' वापरायचं तर नावाने हाक मारायची, किंवा ज्याच्याकडे फाईल आहे त्याला वेगळा मेसेज करायचा.

नुसतं सुचवून सोडून देण्याचा मोहही टाळावा. "फाईल झाली का रे?" असं विचारलं की आपल्याला वाटतं, समजून घेईल आणि पाठवेल. तो लिहितो, "हो झाली." आणि एक अंगठा. त्याने प्रश्नाचं उत्तर दिलं, त्याचं काय चुकलं? शोशाना ब्लुम-कुल्का या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९८७ मध्ये हिब्रू आणि इंग्रजी बोलणाऱ्यांकडून वेगवेगळ्या विनंत्यांची सभ्यता ठरवून घेतली होती. त्यात आडून सुचवलेली वाक्यं सगळ्यात सभ्य ठरली नाहीत. 'कॅन यू', 'कुड यू' सारखे रुळलेले प्रश्न जास्त सभ्य वाटले, कारण आडून बोललेलं ऐकणाऱ्याला सोडवत बसावं लागतं. तो अभ्यास मराठीचा नाही, पण आपल्या हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये रोज याचा पुरावा मिळतो. फार आडून बोलणं म्हणजे समोरच्याला फुकट कोडं घालणं.

आता एक उदाहरण पूर्ण सोडवून बघू. समजा तिसऱ्या वर्षाचा मिनी प्रोजेक्ट आहे, अ‍ॅम्प्लिफायरचा बोर्ड. लेआऊट एका मुलाने काढलाय, बोर्ड बनवून देणाऱ्या दुकानात फाईल द्यायचं काम दुसऱ्याचं. दुकान शुक्रवारी पाचपर्यंतच ऑर्डर घेतं. दुपारी हा मेसेज करतो, "फाईल पाठव." तिकडून बऱ्याच वेळाने बोर्डच्या लेआऊटची पीडीएफ येते. चित्र सुंदर आहे, पण दुकानदाराला त्याचा उपयोग नाही. त्याला गर्बर फाईल्स लागतात, म्हणजे प्रत्येक थराची वेगळी फाईल आणि सोबत भोकांची ड्रिल फाईल, सगळं एका झिपमध्ये. मग पुन्हा मेसेज, "अरे ही नाही, गर्बर!" मग तिकडून, "मग आधी सांगायचं ना." तोवर पाच वाजले, दुकान बंद, बोर्ड सोमवारवर गेला.

यात उद्धटपणामुळे जेवढं बिघडलं तेवढंच मोघमपणामुळे बिघडलं. आपल्याला 'पाठव' हे सरळ बोलणं वाटतं, पण सरळ काय आहे त्यात? फक्त सूर सरळ आहे, माहिती काहीच नाही. हाच मेसेज असा लिहिता आला असता:

"अरे, दुकान आज पाचला ऑर्डर बंद करतं. अ‍ॅम्प्लिफायरच्या बोर्डची गर्बरची झिप (amp_v3_gerber.zip) चारपर्यंत मिळेल का? पीडीएफ चालणार नाही म्हणाले. तुला वेळ नसेल तर नुसती .kicad_pcb दे, झिप मी काढते."

तुकड्या-तुकड्याने बघा. कारण एकच आहे आणि ते आधी आलंय, त्यामुळे चारची वेळ माझ्या मर्जीने ठरलेली वाटत नाही, दुकानाची वाटते. दोन-तीन कारणं दिली की उलट सबबी वाटायला लागतात. फाईलचं नाव पूर्ण आहे. पाचची मुदत असून चार मागितले, मधला एक तास चुकीची फाईल आली तर बदलायला. शेवटच्या वाक्यात सुटका आहे, आणि ती खोटी नाही. त्याच्याकडून मूळ लेआऊटची फाईल आली तर गर्बर मी खरंच काढू शकते. समोरच्याला सुटका द्यायची तर अशी द्यावी जी तुम्हाला चालेल. "नाही जमलं तरी चालेल" असं लिहून मग रात्री तोंड फुगवून बसायचं, याला विनंती म्हणत नाहीत. ज्या ठिकाणी सुटका शक्यच नाही, तिथे ती दाखवूही नये. "आज पाचच्या आत लागेलच रे" हे प्रामाणिक आहे आणि त्याचा कुणाला राग येत नाही. 'लागेल' हाही 'मिळेल' चाच भाऊ, गरज सांगतो, हुकूम सोडत नाही.

हीच मागणी लॅबच्या काकांकडे करायची असेल तर काय बदलेल? "काका, मागच्या बॅचच्या रीडिंगची शीट उद्या सकाळपर्यंत मिळेल का? उद्या दहाला वायवा आहे." क्रियापद तेच. तिथे 'तू-तुम्ही' चा प्रश्नच आला नाही, कारण 'मिळेल' मध्ये माणूसच नाही! एकेरी-अनेकेरीत अडकायची भीती असलेल्यांना हा फार मोठा आधार आहे. आमच्या डिपार्टमेंटमधले एक असिस्टंट मला म्हणाले, "पाठवा म्हटलं तर राग नाही येत हो. कुठल्या बॅचची, कुठल्या प्रयोगाची ते लिहीत नाहीत, त्याचा येतो. मी काय चार कपाटं उघडू?"

ऑफिसच्या अर्जात मात्र वेगळं खातं आहे. तिथे विध्यर्थ चालतो, "बोनाफाईड सर्टिफिकेट मिळावे, ही नम्र विनंती." पण हाच विध्यर्थ वरून खाली आला की आज्ञा होतो, "विद्यार्थ्यांनी रात्री ९ च्या आत वसतिगृहात यावे." प्रत्यय एकच, खाली सही कुणाची आहे त्यावर ती विनंती की हुकूम ते ठरतं. म्हणून मित्राला "कृपया फाईल पाठवावी" असं लिहू नका. त्याला एक तर नोटीस वाटेल नाही तर टोमणा.

टोमण्यावरून आठवलं, 'जरा' आणि 'ना' यांच्याबद्दल दोन शब्द. "जरा ती फाईल दे" मधला 'जरा' काम लहान करतो. "फाईल जरा लवकर दे" मधला 'जरा' मात्र चिमटा काढतो, म्हणजे आधी उशीर केलास हे त्यात आलं. "जरा लक्ष दे", "जरा डोकं वापर", हे सगळे त्याच जातीचे. आणि 'ना' तर आवाजावर जगतो. समोर बसून "दे ना" म्हटलं की लाडीगोडी, मेसेजमध्ये तिसऱ्यांदा "दे ना" आलं की तक्रार. लिहिताना आवाज पोचत नाही, म्हणून मेसेजमध्ये 'ना' वर फार विसंबू नये, प्रश्नचिन्ह जास्त भरवशाचं. 'की' तर आणखी अवघड. कोल्हापूरकडचा रूममेट "पाठव की" म्हणतो तेव्हा तो मायेनं म्हणतो, आणि मुंबईची मुलगी तेच वाचून म्हणते, "एवढं काय ओरडायचं?"

राहिलं इंग्रजी मेलचं. तिथे आपला प्रत्यय नाही, 'दे-घे' नाही, 'मिळेल' सारखं हुकमी क्रियापद नाही, त्यामुळे सगळा भार 'कुड यू' वर येतो. "कुड यू सेंड मी द रीडिंग शीट फॉर एक्स्परिमेंट फोर बाय टुमॉरो मॉर्निंग?" आणि पुढे एका ओळीत कारण. एवढं पुरतं. "काइंडली डू द नीडफुल" लिहू नका, कारण नीडफुल म्हणजे नक्की काय हे समोरच्याने शोधायचं, म्हणजे पुन्हा कोडंच. आणि "आय वॉज वंडरिंग इफ यू कुड पॉसिबली" हे एवढं मोठं कव्हर लेटर एका शीटसाठी कशाला? ते फार मोठ्या मागणीसाठी राखून ठेवा, उदाहरणार्थ जर्नल सबमिशनची तारीख पुढे ढकलायची असेल तेव्हा.